चार नंबरचं गाणं: रॉक अल्बमच्या सेशनमधल्या प्रोड्युसरच्या नोंदी

पुण्यातल्या पाच जणांच्या एका मराठी रॉक बँडचा आठ गाण्यांचा अल्बम सध्या माझ्याकडे आहे. रेकॉर्डिंगचं बटण इंजिनिअर दाबतो, वाजवतात बँडवाले, मग तू काय करतोस, असं लोक विचारतात. पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून या नोंदी ठेवतोय. आठही गाण्यांचं लिहीत बसलो तर पुस्तक होईल, म्हणून सगळ्यांत जास्त छळलेलं चौथं गाणं धरून चाललोय. सेशनमध्ये आम्ही सगळे त्याला ‘चार नंबर’च म्हणतो. बँडवाल्यांच्या इच्छेप्रमाणे कुणाचं नाव दिलेलं नाही.

५ जुलै, शनिवार. रिहर्सल रूम, कोथरूड

आज एकही माइक लावला नाही. फोन खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवला आणि आठही गाणी कार्यक्रमात वाजवतात तशी सलग वाजवून घेतली. खोलीचं भाडं तासाला ४०० रुपये. मोठ्या स्टुडिओत दिवसाला १४,००० जातात, त्यामुळे जे वाद घालायचे ते इथेच घालून घ्यायचे असं सगळ्यांना सांगून टाकलं.

फोनवर आवाज भिकार येतो, पण या टप्प्यावर तसाच हवा. गिटारचा गोडवा, ड्रम्सचा दणका काहीच कळत नाही, फक्त गाणं कुठे रेंगाळतंय तेवढं कळतं. वाजवताना मी काहीही बोललो नाही. लीड गिटारवाला प्रत्येक गाण्यानंतर माझ्या तोंडाकडे बघत होता.

६ जुलै, रविवार. घरी

कालचं रेकॉर्डिंग हातात कागद घेऊन ऐकलं. चार नंबरबद्दल लिहून काढलेलं असं:

गाणं ५ मिनिटं ४० सेकंदांचं आहे. सुरू होतं मिनिटाला १५२ ठोक्यांच्या टेम्पोला आणि दुसऱ्या कोरसपर्यंत १५८ वर पोचतं. सुरुवातीला १६ बार नुसती गिटार आहे, म्हणजे गायिकेचा आवाज ऐकू यायला २५ सेकंद थांबायचं. स्टेजवर ते चालतं, तेवढ्यात टाळ्या होतात, कुणी पाणी पितं. अल्बममध्ये त्या २५ सेकंदांना काही कारण लागतं, आणि इथे नाही. दुसऱ्या कडव्यात गायिका शब्द गिळते. कोरसचा सगळ्यांत वरचा सूर ती गात नाही, ओरडते. एकदा ओरडणं जमतं. स्टुडिओत तोच सूर दिवसभरात वीस वेळा लागतो आणि तेव्हा गळा बसतो.

सोलो २४ बारांचा. त्यातले पहिले आठ बार सुंदर आहेत. पुढचे सोळा बार बोटं किती वेगात चालतात ते दाखवण्यासाठी आहेत.

१२ जुलै, शनिवार. रिहर्सल रूम

आजचा सगळा वेळ टेम्पो, पट्टी आणि सोलो या तीन गोष्टींत गेला. बाकीच्या सात गाण्यांना मिळून एक तास पुरला.

टेम्पोचं असं. १५२ ला दुसऱ्या कडव्यातले शब्द बसतच नाहीत, हे गायिकेलाही माहीत होतं, पण बँडमध्ये ते कुणाला बोलून दाखवलेलं नव्हतं. मी सगळ्यांना थांबवलं आणि तिला एकटीलाच, टाळीवर, कडवं म्हणायला लावलं. कोणताही आकडा न सांगता. ती आपोआप १४५ च्या आसपास स्थिरावली. मग क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, १४६ ला लावून सगळ्यांना वाजवायला सांगितलं, आणि गाणं बसलं. बसलं म्हणजे खाली बसलं. ड्रमर म्हणाला, “दादा, हे वरातीत चालल्यासारखं वाटतंय.” खरंच तसं वाटत होतं.

पण गाणं मंद वाटायला नेहमी टेम्पोच कारणीभूत असतो असं नाही. ड्रमर कडव्यात उघड्या हाय-हॅटवर बारात चार ठोके देत होता. वेगात ते पुरतात. टेम्पो उतरला की दोन ठोक्यांमधली मोकळी जागा जाणवायला लागते. हाय-हॅट बंद करून बारात आठ ठोके दे म्हटलं. टेम्पो तोच, १४६. पण गाणं पळायला लागलं आणि गायिकेचे सगळे शब्दही ऐकू आले. तरी एक ओळ जड होतीच: ‘आणि तरीसुद्धा मला वाटत राहतं’. ती तिनेच ‘तरीही मला वाटतं’ अशी केली. शब्द मी बदलत नाही, कुठे अडतंय तेवढं बोट ठेवतो.

कोरससाठी क्लिक १४८ केली आणि शेवटच्या कोरसला १४९. ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही, पण बँड उसळी घेतोय असं वाटतं. स्टेजवर ते आपसूक घडतंच, इथे ते आखून घ्यावं लागतं.

पट्टी. गाणं ई मायनरमध्ये आहे. अर्धा सूर खाली आणलं तर गायिकेला वरचा सूर ओरडावा लागत नाही. पण गिटारवर तेवढ्याने भागत नाही. रिफमध्ये मोकळी जाड तार वाजते, म्हणून पट्टी अर्धा सूर उतरवायची तर गिटारच अर्धा सूर उतरवून लावावी लागणार. तारा सैल झाल्या की जोरात वाजवल्यावर त्या लडबडतात, म्हणून दहाच्या ऐवजी अकराचा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट. तारा बदलल्या की मानेवरचा ताण बदलतो आणि इंटोनेशन पुन्हा लावून घ्यावं लागतं. म्हणजे गायिकेच्या एका सुरासाठी दोन गिटार आणि एक बास दुरुस्तीच्या दुकानात. हे सगळं सांगितल्यावर रिदमवाला म्हणाला, त्यापेक्षा तिनेच रियाज वाढवावा. खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मी दोन्ही पट्ट्यांमध्ये कोरस तीन-तीनदा गाऊन घेतला आणि फोनवर लगेच ऐकवला. मूळ पट्टीतला तिसरा कोरस ऐकून त्याने स्वतःच गिटार उतरवायला घेतली.

सोलोचंही तसंच केलं. बारा बारांचा सोलो, आणि उरलेल्यातल्या चांगल्या जागा शेवटच्या कोरसमध्ये गायिकेच्या दोन ओळींच्या मध्ये उत्तरासारख्या. जुनं एकदा, नवं एकदा. असल्या बाबतीत तोंडाने वाद घालण्यात अर्थ नसतो. दोन्ही वाजवायचं, दोन्ही ऐकवायचं, आणि आपण गप्प बसायचं. लीडवाल्याला नवं पटलं. पूर्ण पटलं नाही, पण पटलं.

सुरुवातीचे १६ बार ४ वर आणले. यावर कुणीच भांडलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

१४ जुलै, सोमवार

खर्चाची नोंद. दोन गिटार आणि बास लावून घ्यायला ३,६०० रुपये, तारा वेगळ्या. ड्रम्सची नवी कातडी ६,५०० रुपये. ड्रमरला हा खर्च पटेना, कारण जुनी फाटलेली नव्हती. पण मार खाऊन खड्डे पडलेलं कातडं सुरात येत नाही, आणि ते मिक्सिंगमध्ये सुधारता येत नाही. एकूण बजेट २,४०,००० आहे. ते मीच सांभाळतो, आणि प्रोड्युसरच्या कामातला हा फार मोठा भाग आहे. एका गाण्यावर दिवस उधळला तर तो दुसऱ्या कुठल्या तरी गाण्यातून वजा होतो, हे बँडला दिसत नाही.

आजच एका कागदावर कुणाचं श्रेय काय, माझे पैसे किती आणि कधी, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर हा विषय काढणं अवघड होतं.

१८ जुलै, शुक्रवार. मोठी खोली, ड्रम्सचा पहिला दिवस

अकराला सुरुवात, पहिला कामाचा टेक चार वाजता. मधला सगळा वेळ आवाज जुळवण्यात गेला. नवख्या बँडला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, म्हणून ड्रमर सोडून कुणालाच चारच्या आधी बोलावलं नव्हतं.

माइक इंजिनिअर लावतो. मी त्याच्या हाताला हात लावत नाही. माझं काम ड्रम्ससमोर उभं राहून कानांनी ऐकणं, मग आत जाऊन स्पीकरवर ऐकणं, आणि दोन्हींत काय हरवलं ते सांगणं. आज स्नेअर हरवला. खोलीत भरदार वाजणारा स्नेअर आत डब्यासारखा पोकळ येत होता. इंजिनिअरने ओव्हरहेडचे, म्हणजे ड्रम्सच्या वरचे, दोन माइक इंग्लिश इंजिनिअर ग्लिन जॉन्सच्या पद्धतीने लावले होते, एक स्नेअरच्या वर आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला. या पद्धतीत दोन्ही माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर पाहिजेत. एकेकटे ऐकले की दोन्ही उत्तम. मोनोमध्ये एकत्र केले की पोकळ. दोरी घेऊन मोजलं, तर एक १०२ सेंटिमीटरवर आणि एक ११८ वर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १६ सेंटिमीटरच्या फरकाने तोच ठोका दुसऱ्या माइकवर सुमारे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचत होता, आणि हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग दोघं मिळून खाऊन टाकत होते. दोन्ही माइक १०५ वर आणले, स्नेअर परत आला. इक्वलायझरला हात लावावा लागला नाही. तुमच्याकडे असं झालं तर आधी दोरी काढा.

१९ जुलै, शनिवार. चार नंबरचे टेक

सकाळी दुसराच प्रश्न. ड्रमर झांजा, म्हणजे क्रॅश आणि राइड, फोडून काढतो आणि त्यामानाने स्नेअर हलका मारतो. स्टेजवर बरेच ड्रमर असं करतात. इथे ओव्हरहेडमध्ये कोरसभर नुसता ‘श्श्श’ येत होता आणि त्याखाली गिटारला जागाच उरत नव्हती.

त्याला सांगून बघितलं. सांगितलं की चार बार नीट, पाचव्यापासून पुन्हा तेच, कारण हात विचार करून चालत नाहीत. मग इंजिनिअरला ड्रमरच्या हेडफोनमध्ये झांजा बऱ्याच वर करायला आणि स्नेअर खाली करायला सांगितलं. ड्रमरला हे सांगितलं नाही. पुढच्या टेकला त्याच्या कानात झांजा टोचायला लागल्या, म्हणून हात आपोआप हलका झाला, आणि स्नेअर ऐकू येत नाही म्हणून तो जोरात मारायला लागला. जेवताना सांगून टाकलं. हसला, आणि म्हणाला मिक्स तसाच राहू दे.

टेक घेताना माझ्यापुढे एक कागद असतो. उभ्या ओळीत गाण्याचे भाग, आडव्या ओळीत टेक, आणि प्रत्येक चौकटीत एक खूण: चांगलं, चालेल, नाही. मी स्क्रीनकडे पाठ करून बसतो. स्क्रीनवर ठोका रेघेच्या पुढे-मागे दिसला की डोळे निकाल देऊन मोकळे होतात. शेवटचा टेक सगळ्यांत स्वच्छ होता, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. पण तो ऐकताना बासवाला फोन बघत होता. तिसऱ्या टेकच्या कोरसला तोच मान हलवत होता. म्हणून पाया तिसरा टेक धरला, आणि सोलोच्या आधीची जागा दुसऱ्यातून घेतली.

एका टेकमध्ये एकच सूचना द्यायची, हे मी स्वतःला पाळायला लावतो. “फिल जरा मागे ओढ” म्हटलं की तेवढंच. त्याबरोबर किकबद्दल आणखी काही बोललं तर दोन्ही बिघडतं.

२० जुलै, रविवार

ड्रम्सचे तुकडे आजच जोडून घेतले, सेट उतरवायच्या आधी. यावर इंजिनिअरशी थोडं वाजलं, त्याला ते घरी निवांत करायचं होतं. पण दुसऱ्या टेकमधून तिसऱ्यात शिरताना मागच्या क्रॅशची घणघण मध्येच तुटते की काय, हे जोडल्याशिवाय कळत नाही. एका जागी तुटलीच. सेट जागेवर होता म्हणून ते चार बार पुन्हा वाजवून दहा मिनिटांत निभावलं. उद्या कळलं असतं तर आणखी एक दिवसाचं भाडं, आणि कातडी तोवर उतरलेली, म्हणजे आवाजही तोच मिळाला नसता.

दुसरी भानगड शेवटच्या ठोक्याची. झांजा विरत जाताना मागे बारीक ‘टिक टिक’. ड्रमरच्या हेडफोनमधली क्लिक माइकमध्ये शिरली होती. गाणं गाजत असतं तेव्हा ती झाकली जाते, शेवटच्या शांततेत उघडी पडते. शेवटचा ठोका क्लिक बंद करून वेगळा घेतला. उरलेल्या गाण्यांमध्ये शेवटच्या बारानंतर क्लिक आपोआप बंद होईल अशी सोय केली.

तीन दिवसांत आठ गाण्यांचे ड्रम्स झाले. ४२,००० गेले. रात्री सगळ्या फायली दोन वेगवेगळ्या डिस्कवर घेतल्या. एक इंजिनिअरकडे, एक माझ्या घरी. नावं अशी ठेवतो, म्हणजे पुढे मिक्स करणाऱ्याला फोन करावा लागत नाही:

```
04_146bpm_DRM_SNR_COMP.wav
04_146bpm_GTR_L_T03.wav
```

२६ जुलै, शनिवार. छोटी खोली, बास आणि रिदम गिटार

बास लवकर आटपला. चार नंबरला बोटांऐवजी पिकने वाजवायला लावला, म्हणजे किकबरोबर बासची सुरुवातही टोकदार लागते. बाकी काही सांगण्यासारखं नाही. बासवाला घरून पाठ करून आला होता.

गिटारला मात्र दिवस गेला. दोन्ही गिटारवाल्यांना अँपवर डिस्टॉर्शन भरपूर लागतं. एकेकट्याने वाजवताना ते दणकट लागतं. पण अल्बममध्ये तोच रिफ डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा, असा दोनदा वाजवलेला असतो. दोन्हींमध्ये एवढं डिस्टॉर्शन असलं की ठोक्याची कड जाते आणि मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं होतं. गेन जवळजवळ निम्मा केला. रिदमवाला म्हणाला, हे मिळमिळीत लागतंय, आणि एकटं ऐकलं तर त्याचं बरोबरच होतं. म्हणून त्याला एकटं ऐकूच दिलं नाही. डावं-उजवं दोन्ही झाल्यावर ड्रम्स आणि बाससकट ऐकवलं, मग त्याने स्वतःच विचारलं की आणखी कमी करून बघायचं का.

त्यानंतरही कोरस सुरात वाटेना. ट्यूनर सांगत होता सगळं बरोबर आहे. कारणं दोन निघाली. पहिलं, तो ट्यून करताना तार हळू छेडायचा आणि वाजवताना तुटून पडायचा. जोरात मारलेली सैल तार सुरुवातीला सूर चढवून वाजते. म्हणून वाजवतो तेवढ्याच जोराने छेडून ट्यून करायला लावलं, आणि प्रत्येक टेकच्या आधी. दुसरं कारण कॉर्डमध्ये होतं. कोरसला तो पूर्ण मेजर कॉर्ड वाजवत होता. डिस्टॉर्शनमधून कॉर्डचा तिसरा सूर गेला की सूर एकमेकांवर घासून खरखर करतात. तो सूर काढून टाकला आणि फक्त मूळ सूर आणि पाचवा ठेवला. तिसरा सूर गायिकेच्या चालीत आहेच, मेजरचा उजेड तिच्याकडून येतो. आधी जी गिटार गळ्याशी भांडत होती ती आता तिला जागा देते.

उजवीकडच्या ट्रॅकसाठी सिंगल कॉइलची दुसरी गिटार वापरली, आणि ती गुणगुणायला लागली. विजेची ५० हर्ट्झची घरघर. रिदमवाल्याला खुर्चीसकट हळूहळू फिरवत गेलो, एका कोनात ती जवळजवळ नाहीशी झाली. तिथे जमिनीवर टेपची फुली मारली. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून वाजवत होता.

२ ऑगस्ट, शनिवार. सोलो

दुपारचे दोन तास पाण्यात. लीडवाला प्रत्येक टेकला नवीनच काहीतरी वाजवत होता आणि प्रत्येक टेकनंतर बाकीचे चौघे मत देत होते. चौथ्या मतानंतर त्याने गिटार खाली ठेवली.

सगळ्यांना चहाला पिटाळलं. त्याला म्हटलं, वाजवू नकोस, सोलो तोंडाने गाऊन दाखव. लाजला. मग गायला. गाताना श्वास घ्यावा लागतो, म्हणून ओळी आपोआप आखूड झाल्या आणि मध्ये जागा आल्या. ते फोनवर घेतलं आणि तेच गिटारवर काढायला सांगितलं. बाकीचे परत यायच्या आत सोलो झालेला होता. त्यांना तो पूर्ण गाण्यासकट एकदाच ऐकवला आणि पुढच्या कामाला लागलो. अशा वेळी मत विचारायचं नाही. मत विचारलं की लोक देतात.

९ ऑगस्ट, शनिवार. गायन

गायनाची वेळ संध्याकाळची ठेवली होती आणि ती पूर्णपणे फुकट गेली. गणपती तीन आठवड्यांवर आलेत, पलीकडच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू. ताशा भिंतींनी अडतो, ढोल अडत नाही. खालचे सूर भिंतीतून आणि जमिनीतून येतात, आणि माइकच्या स्टँडमधून वर चढतात. फिल्टरने तळ कापला तरी कडव्याच्या हळू ओळींमागे तो धडधडत राहतो, तोही आमच्या क्लिकशी न जुळणाऱ्या लयीत. तासभर वाट बघून सगळ्यांना घरी पाठवलं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये गायन ठेवणार असाल तर आधी आसपासच्या पथकांच्या सरावाच्या वेळा काढा.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी साडेअकराला सुरू. त्याआधी गळा उघडत नाही. खोलीत गायिका, इंजिनिअर आणि मी, बस. लीडवाला “नुसता कोपऱ्यात बसतो” म्हणत होता, त्याला नाही म्हटलं.

पहिल्या दोन टेकना ती सतत किंचित उतरत होती. सूर तिला कळत नाही असा प्रश्नच नव्हता. हेडफोनमध्ये गिटार कानठळ्या बसतील एवढी होती आणि आवाजावर भरपूर रिव्हर्ब. स्वतःचा सूर नीट ऐकू येत नसला की आवाज उतरतो. गिटार खाली केली, रिव्हर्ब काढला, आणि एक कान उघडा ठेवायला सांगितलं. सूर जागेवर आला.

गायनाच्या दिवशी सगळ्यांत घातक गोष्ट म्हणजे टेक संपल्यानंतरची शांतता. काचेपलीकडून तिला आम्ही दोघं एकमेकांशी बोलताना दिसतो, ऐकू काहीच येत नाही. आम्ही जेवायला काय मागवायचं ते बोलत असलो तरी तिला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. म्हणून टेक संपला की लगेच टॉकबॅकचं बटण दाबतो आणि काहीतरी बोलतो, “थांब, एक मिनिट ऐकतो” एवढं का होईना. टॉकबॅकवर मी सोडून कुणी बोलत नाही.

कोरसचा शेवटचा शब्द ‘परत’, आणि तो सहा ठोके लांबवायचा आहे. ‘त’ लांबवता येत नाही. ती ‘परतऽऽ’ असं ओढत होती आणि ऐकताना ‘परता’ व्हायचं, जणू समोरच्याला माघारी जायला सांगतेय. ‘र’वर थांब आणि ‘त’ अगदी शेवटी, स्नेअरवर टाक, म्हटलं. दोन-तीन प्रयत्नांत जमलं, आणि तो ‘त’ स्नेअरबरोबर असा काही बसला की ड्रम्सचाच भाग वाटावा.

गाण्याचे शब्द छापून घेतले होते, प्रत्येक ओळीपुढे टेकच्या चौकटी. दुसऱ्या कडव्याला सूर थोडा हललेला टेक ठेवला, कारण ‘तरीही मला वाटतं’ ही ओळ त्या एकाच टेकमध्ये खरी वाटते. इंजिनिअरने तो सूर सरळ करू का विचारलं. नको म्हटलं. अडीच तासांनी आवाजाची वरची कड घासलेली ऐकू यायला लागली, तिथे थांबलो. ती आणखी गायला तयार होती.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. डबल

कोरसला तिचाच आवाज पुन्हा एकदा, पहिल्यावर चढवायचा होता. ती नाही म्हणाली, ते खोटं वाटतं. १९९१ मध्ये निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेनही डबल करायला नाखूष होता, तेव्हा प्रोड्युसर बुच व्हिगने त्याला जॉन लेनन हेच करायचा, असं सांगून राजी केलं होतं. मी तो किस्सा सांगितला. ती म्हणाली, मला लेननचं काही नाही. मग एकदा घेऊन बघू, नको वाटलं तर तुझ्यासमोर पुसतो, असं कबूल केल्यावर गायली.

दोन आवाजांत ‘परत’चा ‘त’ दोनदा पडत होता, एकामागे एक, ‘तत्’. तो जुळवत बसण्यात वेळ घालवला नाही. दुसऱ्या आवाजात ‘त’ म्हणूच नकोस, ‘पर’वरच सोड, असं सांगितलं. ‘त’ पहिल्या आवाजाचा, रुंदी दोन्हींची. ‘स’ने संपणाऱ्या शब्दांनाही तेच केलं. डबल मुख्य आवाजापेक्षा बरंच खाली ठेवून ऐकवलं. पुसायला सांगितलं नाही तिने.

२३ ऑगस्ट, शनिवार

सगळ्या फायली मिक्स करणाऱ्याकडे गेल्या. सोबत प्रत्येक गाण्याचा माझा कच्चा मिक्स आणि एक पान टिपण: चार नंबरला दुसऱ्या कडव्यातला सूर सरळ करू नये, कोरसला झांजा गिटारच्या वर येऊ नयेत, ‘त’ झाकू नये. टिपण एक पानाच्या वर नेत नाही, कारण त्यापुढे कुणी वाचत नाही.

आतापर्यंतचा खर्च १,३१,००० रुपये. मिक्स आणि मास्टरिंगचे ८०,००० बाजूला काढलेत. उरलेल्या २९,००० मध्ये गायनाच्या बुडालेल्या संध्याकाळीसारखे दोन-तीन फटके बसू शकतात.

गाण्यांच्या क्रमावर बँडची बैठक झाली. चार नंबर अल्बममध्ये तिसरं जाईल आणि त्याच्यामागून सात नंबर. सातची पट्टीही मी अर्धा सूर उतरवून घेतली होती, त्यामुळे प्रकाशनाच्या कार्यक्रमात ही दोन्ही लागोपाठ वाजवताना उतरवलेल्या गिटार एकदाच उचलायच्या आणि एकदाच ठेवायच्या. रिदमवाल्याने विचारलं, त्या गिटार बदलताना स्टेजवर जो वेळ जाईल, तेवढ्यात सुरुवातीचे १६ बार परत आणता येतील का. कार्यक्रमात आणा म्हटलं.